चाखल्याशिवाय लागलेले दही

रमजानच्या महिन्यात बोईसर स्टेशनवर संध्याकाळी सहा-सव्वासहाला गाडी थांबली की उतरणाऱ्यांची चाल बदललेली दिसते. विरारहून, पालघरहून परतणारे रोजेदार आणि तारापूर एमआयडीसीतून पहिली पाळी आटोपून गावात शिरणारे कामगार, सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे असतात. मार्चमध्ये इथे मगरीबची अजान पावणेसातच्या सुमारास होते. तेवढ्या अर्ध्या-पाऊण तासात खजूर, फळे, भजी आणि एक थंड काहीतरी घेऊन घर किंवा मशीद गाठायची असते. हे ‘थंड काहीतरी’ बहुतेक वेळा लस्सी किंवा ताक असते. गुजरात जवळ असल्याने या पट्ट्यात ताकाला निम्मे लोक छासच म्हणतात.

स्टेशनपासून जरा आत गेले की सहा बाकांचे एक दूध-दह्याचे दुकान आहे. सकाळी चहा, दुपारी दही-भात, संध्याकाळी लस्सी. मालक पन्नाशीचे, दुकानातली मुले आणि गिऱ्हाईक दोघेही त्यांना चाचा म्हणतात. अकरा महिने त्यांचे दही त्यांच्या जिभेवर चालते. भांड्याच्या कडेला चमचा लावायचा, टोकावरचे दही जिभेला लावायचे आणि सांगायचे, ‘आता आत ठेवा’ किंवा ‘अजून अर्धा तास’. बाराव्या महिन्यात, म्हणजे दह्याला सर्वांत जास्त मागणी असते नेमक्या त्याच महिन्यात, ही जीभ बंद असते. रोज्यात चाखायचे नाही, असा त्यांचा शिरस्ता. म्हणजे पहाटेच्या सहरीपासून मगरीबपर्यंत ज्या दह्यावर दुकानाची लाज अवलंबून, ते दही न चाखताच लावायचे आणि न चाखताच विकायचे.

सुरुवातीला त्यांनी सोपा उपाय केला. दुकानात जव्हारकडचा एक मुलगा कामाला आहे, त्याला रोजा नाही. दही तो चाखेल आणि चाचा ऐकतील, असे ठरले. रमजानच्या पहिल्या शुक्रवारी सकाळी नऊला वीस लिटर म्हशीच्या दुधाला विरजण लावले. दुपारी दीडला दही लागले होते. मुलाने चमचा तोंडात घातला आणि म्हणाला, ‘चाचा, एकदम गोड हाय.’ मोठे पातेले तसेच्या तसे उचलून फ्रीजमध्ये ठेवले. साडेसहाला पातेले बाहेर काढले, तेव्हा वर पिवळसर पाणी सुटले होते. लस्सीत नेहमीपेक्षा दीडपट साखर घालूनही ती आंबट लागत होती. रोजा सोडताना पहिल्या घोटाला माणसाने तोंड वाकडे करावे, यासारखी नामुष्की दुकानदाराला दुसरी नाही. त्या दिवशी उत्साहावर अक्षरशः विरजण पडले.

मुलाने खोटे सांगितले नव्हते. दीड वाजता दही खरोखरच गोड होते. चूक जिभेच्या मर्यादेत होती. जीभ आत्ताची चव सांगते. पाच तासांनंतरची सांगत नाही. दही ही जिवंत वस्तू आहे. ते लागले म्हणून थांबत नाही. त्याला थांबवावे लागते.

थांबवायचे काय, हे समजण्यासाठी दुधात काय घडते ते पाहावे लागेल. मराठीत ज्याला विरजण आणि उर्दूत जामन म्हणतात, त्या चमचाभर दह्यात कोट्यवधी जिवाणू असतात. ते दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खातात आणि तिचे लॅक्टिक आम्ल करतात. आंबटपणा मोजण्याचे एक माप आहे, पीएच. साध्या पाण्याचा पीएच 7 असतो आणि आकडा जितका खाली, तितकी वस्तू आंबट. ताज्या दुधाचा पीएच साधारण 6.6 असतो. तो 5.2 च्या आसपास उतरला की दूध दाटू लागते. 4.6 ला दुधातले केसीन नावाचे प्रथिन एकमेकांना धरून जाळे विणते आणि त्या जाळ्यात पाणी अडकते. तेच लागलेले दही. पण जिवाणूंना हा आकडा कुठे माहीत असतो? ऊब आणि साखर मिळते आहे तोवर ते आम्ल करत राहतात. पीएच 4.2 किंवा त्याखाली गेला की जाळे आवळते, पाणी बाहेर टाकते आणि दही आंबट होते.

यातली ऊब हीच दुकानदाराच्या हातातली लगाम आहे. दुकानातल्या दाट दह्यात प्रामुख्याने दोन जातींचे जिवाणू काम करतात. एक गोल मण्यांच्या माळेसारखा, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस. दुसरा काडीसारखा लांबट, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. दोघांनाही 40 ते 45 अंश सेल्सियस आवडते, पण सारखे नाही. तापमान 40-41 असेल तर माळेवाला पुढे राहतो आणि दही सौम्य होते. 45 कडे गेले की काडीवाला जोर धरतो आणि तो जास्त आंबट करणारा. घरात रात्रभर 30 अंशांच्या आसपास लागलेल्या दह्यात लॅक्टोकॉकस जातीचे वेगळेच जिवाणू पुढे असतात. त्याला दहा-बारा तास लागतात, वास छान येतो, पण दुकानाला संध्याकाळची वेळ गाठायची असल्याने ते परवडत नाही.

चाचांनी दुसऱ्या दिवशी सळईचा डिजिटल थर्मामीटर आणला. मिठाईवाले वापरतात तसा, काहीशे रुपयांचा. त्याने पहिली चूक लगेच दाखवली. दूध कोमट झाले की नाही, हे ते आयुष्यभर करंगळी बुडवून ठरवत आले होते. दहा मोजेपर्यंत चटका बसला नाही की विरजण लावायचे. त्यांच्या बोटाला जे ‘बरोबर’ वाटत होते ते थर्मामीटरवर 47 निघाले. चुलीपुढे तीस वर्षे घालवलेल्या बोटाची कातडी जाड झाली होती, इतकेच. दुधाचे भांडे मोठे असल्याने ते 47 अंश बराच वेळ टिकत होते आणि आंबट करणाऱ्या काडीवाल्या जिवाणूंना रोज पहिला तास आंदण मिळत होता. आता विरजण 42 वर लागते.

दुसरी चूक मात्र मोठी होती आणि ती फ्रीजमध्ये लपली होती. वीस लिटरचे पातेले फ्रीजमध्ये ठेवल्यावर चार तासांनी चाचांनी सळई आधी कडेला लावली. 11 अंश. मग तीच सळई मधोमध तळाकडे खोचली. 38 अंश! फ्रीज चालू होता, कडा गार होत्या, हाताला पातेले थंडगार लागत होते. आणि पोटात मात्र दही अजून लागतच होते. दुधाला ढवळता येते, म्हणून ते लवकर निवते. लागलेले दही ढवळता येत नाही, आणि न ढवळलेले दही म्हणजे एक जाड रजईच. आतली ऊब बाहेर यायला थराथराने वाट काढते. थर दुप्पट जाड केला तर वेळ दुप्पट नाही, जवळजवळ चौपट लागतो. पहिल्या शुक्रवारी आंबट झाले होते ते सगळे दही नव्हते, पोटातले होते. घुसळताना ते सगळ्यात मिसळले.

शिवाय अशा पातेल्याचा फ्रीजवर भार किती पडतो याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. वीस लिटर दही 43 अंशांवरून 5 अंशांवर आणायचे तर त्यातून जितकी उष्णता काढावी लागते, तितकीने सुमारे नऊ किलो बर्फ वितळेल. दुकानातला साधा फ्रीज गार वस्तू गार राखण्यासाठी असतो, गरम वस्तू झटपट गार करण्यासाठी नाही. त्या चार तासांत शेजारी ठेवलेले पनीर आणि दूधही 5 अंशांवरून 12-13 वर चढले होते. अन्नसुरक्षेच्या दृष्टीने दुधाचे पदार्थ 5 अंश किंवा त्याखाली राहायला हवेत. म्हणजे एका पातेल्याने दही तर बिघडवलेच, शेजाऱ्यांनाही तापवले.

उपाय भांड्यात होता. विरजण लावलेले दूध आता वीस लिटरच्या पातेल्यात राहत नाही. ते लगेच दोन-दोन लिटरच्या उभट स्टीलच्या डब्यांत ओतले जाते. डब्याचा व्यास एका वितीपेक्षा कमी, 12 सेंटिमीटर. झाकण लावलेले दहा डबे एका मोठ्या थर्माकोलच्या पेटीत, मध्ये गरम पाण्याची एक कळशी, वर घोंगडी. त्यामुळे चार-साडेचार तास ऊब 40-42 च्या आत राहते. दही लागले की घोंगडी काढून डबे अलगद एका टोपात ठेवायचे. टोपात आधी नळाचे पाणी, अर्ध्या तासाने ते काढून बर्फाचे पाणी. पाण्याची पातळी डब्याच्या गळ्याखाली चार बोटे. आधी नळाचे पाणी घेतल्याने पहिली दहा अंश ऊब फुकटात जाते आणि बर्फ वाचतो. बर्फाच्या पाण्यात दोन तासांनी डब्याच्या मध्याला 15 अंशांच्या आसपास, तिसऱ्या तासाला 8 पर्यंत तापमान उतरते. मग डबे पुसून फ्रीजमध्ये. फ्रीजला आता फक्त शेवटचे तीन-चार अंश काढायचे असतात. डबे नेताना हिसका बसला तर विणलेले जाळे तुटते आणि पाणी सुटते, म्हणून हे काम चाचा स्वतः करतात.

एक प्रश्न तरीही उरला होता. घोंगडी नेमकी केव्हा काढायची? जीभ बंद, आणि मुलाची जीभ फक्त आत्ताचे सांगणारी. उत्तर गिऱ्हाइकाकडून आले, आणि ते बोईसरसारख्या गावातच येऊ शकते. एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारा एक तरुण रोज ताक प्यायला येतो. चाचांची अडचण ऐकून तो हसला आणि म्हणाला, ‘चाचा, आम्ही दिवसभर ॲसिड मोजतो, ते काय चाखून मोजतो का?’ दुसऱ्या दिवशी त्याने पीएच कागद कुठे मिळतो ते सांगितले. पट्टीचा रंग आंबटपणाप्रमाणे बदलतो. सगळ्या आकड्यांची एकच ढोबळ पट्टी इथे कामाची नाही. साधारण 4 ते 5.5 या टप्प्यातले बारीक फरक दाखवणारी हवी. एका छोट्या वाटीत त्याच दुधाचे, त्याच विरजणाचे दही त्याच पेटीत ठेवायचे आणि दर वेळी त्या वाटीत पट्टी टेकवायची, म्हणजे विकायच्या डब्यांना हात लावावा लागत नाही. दह्याचा पांढरा रंग पट्टीला चिकटतो, म्हणून रंग पट्टीच्या मागच्या बाजूने पाहायचा. वाटी लहान असल्याने ती डब्यांपेक्षा लवकर निवू शकते. म्हणून तिला कळशीच्या जवळ जागा द्यायची.

घोंगडी 4.6 वर नाही, 4.7 ला काढायची, हे तीन दिवसांच्या नोंदीतून ठरले. कारण डबा बर्फात ठेवला तरी पहिला तासभर आतले जिवाणू काम करतच असतात. 4.7 ला काढलेले दही गार होईपर्यंत 4.5 च्या आसपास थांबते, लस्सीला हवे तसे. 4.5 पर्यंत वाट पाहिली तर गार होईपर्यंत ते 4.3 होते, आणि मग साखर कितीही घाला. पट्टीबरोबर डोळाही उपयोगी पडतो. स्वच्छ सुरीचे टोक वाटीतल्या दह्यात घालून किंचित वर उचलले तर चांगले लागलेले दही सरळ भेगेने फाटते आणि भेगेत थोडे निवळ, हिरवट-पिवळे पाणी जमते. भेग ओबडधोबड असेल आणि पाणी दुधाळ असेल तर अजून वेळ आहे.

या सगळ्यातून दुकानाचे वेळापत्रक मागून पुढे, इफ्तारपासून सकाळकडे असे लिहिले गेले. पावणेसातला अजान. साडेसहाला दही 5 अंशांवर हवे. त्यासाठी साडेतीन-चारला डबे फ्रीजमध्ये गेले पाहिजेत. म्हणजे पाऊण-एकला घोंगडी निघाली पाहिजे. लागायला सव्वाचार तास धरले तर साडेआठला विरजण. दूध तापवून 42 वर आणायला दीड-दोन तास. म्हणजे साडेसहाला दूध चुलीवर. पूर्वी नऊला लागणारे विरजण फक्त अर्धा तास आधी आले. बदल तेवढाच, पण संध्याकाळची लस्सी त्यावर ठरते.

दूध तापवण्याचाही एक मुद्दा आहे. एक उकळी आली की गॅस बंद, ही घरची पद्धत. दह्यासाठी दूध 85 ते 90 अंशांवर पंधरा-वीस मिनिटे हलवत ठेवावे लागते. त्याने नको असलेले बहुतेक जंतू मरतात, हे खरेच. पण दुसरे कारण दाटपणाचे आहे. दुधाच्या निवळीत विरघळलेली काही प्रथिने एवढ्या उष्णतेने उलगडतात आणि केसीनला जाऊन चिकटतात. मग जाळे बारीक आणि घट्ट विणले जाते आणि पाणी धरून ठेवते. एका उकळीवर उतरवलेल्या दुधाचे दही लागते, पण कापले की लगेच पाणी सोडते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिने दोन्ही जास्त, म्हणून त्याचे दही आपसूकच दाट. वरून दुधाची पावडर घालण्याची गरज पडत नाही.

विरजण किती? चाचांचे वीस लिटरला तीनशे ग्रॅम, म्हणजे शंभराला दीड भाग. लवकर लागावे म्हणून दुप्पट घातले तर अर्धा तास वाचतो, पण त्या विरजणाचा जुना आंबटपणाही दुप्पट येतो. त्यापेक्षा विरजण कुठून घ्यायचे हे महत्त्वाचे. दिवसभर चमचे बुडालेल्या भांड्याच्या तळाचे दही विरजणाला घेणे ही सर्रास होणारी चूक. त्यात हवेतले यीस्ट आलेले असते, हातांचे जंतू आलेले असतात, आणि उरलेल्या तळात आंबट करणारा काडीवाला जिवाणूच जास्त शिल्लक असतो. असे विरजण रोज पुढे चालवले की आठवड्यात दुकानाची चव बदलते आणि कुणाला का ते कळत नाही. म्हणून दूध डब्यांत ओततानाच एक झाकणाची छोटी बरणी भरली जाते. उकळत्या पाण्यातून काढलेली, कोरडी केलेली. ती डब्यांबरोबर लागते, त्यांच्याबरोबर गार होते आणि उद्या सकाळपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. दही चमच्याला तार धरू लागले, त्यात बुडबुडे दिसले किंवा ताडीसारखा वास आला, तर ते विरजण टाकून नवे आणायचे. दह्यावर गुलाबी, नारिंगी किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर वरचा थर काढून खालचे वापरायचे नाही. अख्खा डबा टाकायचा.

एका सकाळी सगळे नीट करूनही दही लागलेच नाही. तापमान बरोबर, विरजण कालचेच, आणि बारा वाजले तरी पट्टी 6.2 दाखवत होती. अशा वेळी दुकानदार विरजण वाढवतो आणि आणखी ऊब देतो. ते धोक्याचे आहे. आम्ल तयार होत नसताना कोमट दूध तासन्‌तास ठेवणे म्हणजे उकळीतही तग धरणाऱ्या बीजाणूंना वाढायला मोकळे रान देणे. आधी कारण शोधावे. चाचांनी त्याच विरजणाचा अर्धा चमचा दुसऱ्या गवळ्याच्या वाटीभर दुधात लावला. ते तीन तासांत दाटू लागले. म्हणजे विरजण निर्दोष, दोष दुधात. चौकशीत कळले की त्या तबेल्यातल्या एका म्हशीला कासदाह झाला होता आणि तिच्यावर प्रतिजैविकाचे उपचार चालू होते. तिचे दूध ठरलेले दिवस बाजूला काढायचे असते, ते मिसळले गेले. माळेवाला जिवाणू पेनिसिलीनच्या अगदी अल्प अंशालाही दबतो. उकळल्याने ते औषध पुरते जात नाही. ते वीस लिटर दूध टाकावे लागले. त्या दिवशी दुकानात लस्सी नव्हती. चाचांनी फलकावर खडूने लिहिले, ‘आज लस्सी नाही, माफ करा.’ तेव्हापासून प्रत्येक गवळ्याच्या दुधाची वाटी आदल्या संध्याकाळी वेगळी लावून पाहिली जाते.

दही नीट आणि गार झाले की लस्सी सोपी होते. इथे बर्फाचा हिशेब येतो. अडीचशे ग्रॅम दही 28 अंशांवर असेल आणि ग्लासात ते 6 अंशांवर हवे असेल, तर सुमारे साठ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे ग्लासात जवळजवळ चौथाई पाण्याची भर. मग दाटपणासाठी मलई, चवीसाठी जास्त साखर, असे ठिगळावर ठिगळ. तेच दही 8 अंशांवर असेल तर पाच-सहा ग्रॅम बर्फात काम होते. चांगली लस्सी दाट का असते, याचे उत्तर बहुतेक वेळा फ्रीजमध्ये असते. साखर आधी थोड्या दह्यात विरघळवून घ्यायची आणि मग उरलेले दही घालून फक्त अर्धा मिनिट फिरवायचे. म्हशीचे दही मिक्सरमध्ये जास्त फिरवले की लोण्याचे कण वर तरंगतात आणि खालची लस्सी पातळ होते.

बर्फ कोणता, हाही प्रश्न आहे. पालघरच्या किनाऱ्यावर, सातपाटीसारख्या मासेमारी गावांत, मासळी टिकवण्यासाठी बर्फाच्या लाद्या लागतात. तो बर्फ मासळीसाठी असतो, पोटात घेण्यासाठी नाही. खाण्याचा आणि न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून 2018 मध्ये न खाण्याच्या बर्फाला निळसर रंग देण्याचा नियम आला. चाचांच्या दुकानात डबे गार करायला लादीचा बर्फ चालतो, कारण तो झाकण लावलेल्या डब्याच्या बाहेर राहतो. ग्लासात जातो तो फ्रीजमध्ये उकळलेल्या पाण्याचा केलेला. दोन्हीसाठी टोप वेगळे, चिमटे वेगळे.

छास हा दुकानाचा दुसरा आधार, आणि तिथे थोडे आंबटलेले दही दोष नसून गुण असते. काल उरलेले, फ्रीजमध्येच राहिलेले दही आज छासला जाते. एक भाग दही, दोन भाग उकळून गार केलेले पाणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, थोडी कोथिंबीर. खरे ताक रवीने घुसळून लोणी काढल्यावरचे. त्यासाठी दही फार ऊबदार असले तर लोणी मऊ होऊन ताकातच विरघळल्यासारखे राहते, आणि फार गार असले तर लोण्याचा गोळा यायला वेळ लागतो. म्हणून घुसळण पहाटे होते आणि उन्हाळ्यात रवीखाली गार पाण्याचा शिडकावा लागतो. दोन्हींत लक्ष पाण्यावर हवे. दह्यात सहसा न वाढणारे जंतू पाण्यातून येऊ शकतात, म्हणून छास त्याच दिवशी विकली जाते, रात्री उरलेली ओतून दिली जाते.

सहरीचे गिऱ्हाईक वेगळे असते. तरावीहची नमाज आटोपून रात्री दहाच्या पुढे लोक दह्याच्या वाट्या नेतात, पहाटे भाताबरोबर किंवा पोळीबरोबर खायला. चाचा त्यांना साधे दही देतात, खारी छास सुचवत नाहीत. मीठ पहाटे पोटात गेले की तहान दिवसा वाढते, हे प्रत्येक रोजेदाराला अनुभवाने माहीत असते. या दह्याची घाण दुपारच्या पाठोपाठ, तीनला, दुसऱ्या पेटीत लावली जाते. रात्री वीज गेली तर फ्रीजचे दार उघडायचे नाही, हा दुकानाचा कडक नियम. भरलेला आणि बंद ठेवलेला फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. दार वारंवार उघडले तर तो अर्ध्या तासात निघून जातो.

रमजानची एक गोष्ट हलव्यांच्या आणि दहीवाल्यांच्या फारशी ध्यानात घेतली जात नाही. हा महिना चांद्र वर्षाचा असल्याने दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. 2018 मध्ये तो मेच्या मध्यावर सुरू झाला होता. कोकणपट्टीच्या त्या दमट उकाड्यात दही पेटीशिवायही लागत होते आणि प्रश्न फक्त गार करण्याचा होता. 2030 मध्ये तो जानेवारीत येईल आणि त्याच वर्षाच्या शेवटी, डिसेंबरात, पुन्हा सुरू होईल. तेव्हा घोंगडी दोन लागतील आणि कळशीचे पाणी मध्येच बदलावे लागेल. म्हणजे ‘आमच्याकडे साडेआठला विरजण लावतात’ हा नियम टिकणारा नाही. टिकणारे आकडे आहेत: लावताना 42, थांबवताना 4.7, ठेवताना 5. चाचांनी हे तीन आकडे फ्रीजच्या दारावर चिकटवले आहेत आणि त्याखाली रोजची नोंद ठेवण्यासाठी एक वही दोरीने बांधली आहे. वही भरण्याचे काम जव्हारच्या मुलाकडे आहे.

संध्याकाळी पावणेसातला अजान होते. दुकानातल्या बाकांवर बसलेले रोजेदार आधी खजूर तोंडात टाकतात. चाचा उभ्याउभ्या पाण्याचा एक घोट घेतात आणि मग ग्लासातून चमचाभर दही. सकाळी साडेआठला लावलेल्या दह्याची चव त्यांना दिवसात पहिल्यांदा तेव्हा कळते, बाकी सगळ्यांच्या बरोबरीने. ते मुलाकडे पाहून मान हलवतात. मुलगा वहीत त्या दिवसाच्या रकान्यात ‘बरं’ असे लिहितो.